दोन गिटार, बेस आणि शेकरवर आफ्रोबीटचा ग्रूव्ह कसा बांधायचा?

प्रश्न: सांगलीत आम्ही चौघं वाजवतो. दोन गिटार, एक बेस, एक शेकर. ड्रमर नाही. आफ्रोबीटसारखं काहीतरी बसवतोय, पण दोन्ही गिटार मिळून नुसता गोंगाट होतो आणि बेस जड वाटतो. सुरुवात कुठून करायची?

उत्तर: आधी कॉर्ड बाजूला ठेवा आणि जागा वाटून घ्या. तुमचा गोंगाट चुकीच्या सुरांमुळे होत नसावा. दोघेही एकाच वेळी, एकाच पट्ट्यात, पूर्ण कॉर्ड झोडत असणार. रॉकमध्ये ते चालून जातं. इथे प्रत्येकाच्या वाट्याला मोजके सूर येतात आणि एकाचा सूर संपला की दुसऱ्याचा लागतो.

फेला कुटी आणि त्याचा ड्रमर टोनी अ‍ॅलन यांनी लागोसमध्ये जे आफ्रोबीट घडवलं, त्यातली गिटारची वाटणी अशी असते. एक गिटार हाताने दाबलेल्या तारांवर एकेरी सुरांची छोटी ओळ फिरवत राहते. तिला टेनर गिटार म्हणतात. दुसरी वरच्या सुरांत कॉर्डचे तुटक फटके मारते. (हल्ली रील्सवर वाजतं ते ‘आफ्रोबीट्स’ वेगळं, शेवटचा ‘स’ लागला की बाजच बदलतो. यूट्यूबवर शोधताना हे ध्यानात ठेवा.)

आता एक ग्रूव्ह पूर्ण बांधून दाखवतो. ए मायनर, वेग १०८, चार बीटचा बार. प्रत्येक बीटचे चार भाग केले की एका बारमध्ये १६ घरं होतात. पाय १, ५, ९ आणि १३ या घरांवर पडतो. तीनतालाची सवय असेल तर एक सांभाळा: घरं १६ असली तरी ती मात्रांपेक्षा फार लहान आहेत, या वेगाला सेकंदाला सात घरं उलटतात. ती तोंडाने मोजत बसू नका, पायाने चार बीट धरा.

```
●··● ··●● ···· ··●●  बेस, पहिला बार
···· ··●● ··●· ····  बेस, दुसरा बार
··●· ●●·· ●●·· ●···  गिटार १, दोन्ही बार
···· ···· ··●● ·●··  गिटार २, दोन्ही बार
```

गिटार १ चे सूर क्रमाने ए, सी, डी, सी, ए, जी. म्हणजे चौथ्या तारेचा सातवा फ्रेट, तिसऱ्या तारेचे पाचवा, सातवा, पुन्हा पाचवा, मग चौथ्या तारेचे सातवा आणि पाचवा. उजव्या तळव्याची कड ब्रिजला अगदी लागून तारांवर टेकवायची. हात ब्रिजपासून पुढे सरकला तर सूर मरतो आणि नुसती ‘टक’ ऐकू येते. उचलून मागे गेला तर तार वाजत राहते आणि पुढचं घर व्यापते. सूर ओळखू यावा पण लांबू नये, इतकाच दाब.

गिटार २ ला तीनच फटके आहेत. ११ आणि १२ वर ए मायनर (तिसऱ्या तारेचा नववा, दुसरीचा दहावा, पहिलीचा आठवा फ्रेट), १४ वर जी (सातवा, आठवा, सातवा). बाकीच्या तीन तारांना हात लावायचा नाही. फटका मारला की डावा हात लगेच सैल करायचा, बोटं तारांवरून उचलायची मात्र नाहीत. उचलली की उघड्या तारा वाजतात आणि सगळं पसरट होतं. ब्रिजजवळचा पिकअप, स्वच्छ आवाज, रिव्हर्ब जवळपास शून्य. फरशीच्या खोलीत सराव करत असाल तर खोलीचाच रिव्हर्ब भरपूर असतो. खाली सतरंजी आणि भिंतीला एखादी रजई लावा, नाहीतर सुरांमधल्या रिकाम्या जागा ऐकूच येणार नाहीत.

बेसचं पान जरा नीट वाचा. पहिल्या बारमध्ये ए, ए, सी, डी आणि शेवटी जी, ए. दुसऱ्यात डी, सी आणि ११ वर ए. चौथ्या तारेचा तिसरा आणि पाचवा फ्रेट, तिसऱ्या तारेचा तिसरा आणि पाचवा, एवढ्यात सगळं बसतं. दोन बारमधल्या ३२ घरांत बेसचे सूर फक्त नऊ. पहिल्या बारची सम बेस ठणकावून देतो. दुसऱ्या बारची सम मात्र तो एक घर आधीच, १६ वर, घेऊन टाकतो आणि खुद्द समेवर गप्प बसतो. तुमचा बेस जड वाटतो तो बहुतेक याच ठिकाणी. प्रत्येक बारच्या १ वर ए वाजवायची सवय झालेली असते, त्यामुळे ग्रूव्ह दर चार बीटला जमिनीवर आदळतो. १६ वरचा ए समेआधी दाबून थांबवा. तो पुढच्या घरात सांडला तर सम रिकामी राहत नाही आणि सिंकोपेशनचा सगळा मुद्दाच जातो.

चारही ओळी एकत्र पाहिल्या तर पहिल्या बारमध्ये दोन क्रमांकाचं घर सोडून प्रत्येक घरात कोणीतरी एकच जण वाजतो. साखळी अशी: गिटार १ ने ५ आणि ६ वाजवले की ७-८ बेसचे, ९-१० पुन्हा गिटार १ चे, ११-१२ गिटार २ चे, १३ पहिलीचं, १४ दुसरीचं, १५-१६ बेसचे. म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा ‘माझ्या आधी कोण’ हे पाठ करा. बेसवाल्याला ८ नंतर सहा घरं, म्हणजे साधारण ०.८ सेकंद, थांबायचं असतं. मोजत राहिला तर तो घाईच करतो. त्याने गिटार २ चा जीचा फटका ऐकायचा आणि त्याला लागूनच उतरायचं. दुसऱ्या बारमध्ये ११ वर बेस आणि गिटार २ एकदाच भेटतात, आणि १४ नंतर तिघेही थांबतात. हा मोकळा तुकडा भरायचा मोह सगळ्यांना होतो. भरू नका. पुढच्या समेला जोर येतो तो त्याच्यामुळेच.

ड्रमर नसल्यामुळे ही मोकळी जागा तोलून धरायचं काम शेकरवर येतं. तो १६ ही घरं वाजवतो. पुढे झटका विषम घरांवर, मागे झटका सम घरांवर. जोर फक्त १, ५, ९, १३ वर, तोही थोडाच. शेकरवाला हळूहळू बेसच्या मागे जातो आणि बेसच्या घरांवर जोर द्यायला लागतो; हा दोष फार दिसतो. मग दुसऱ्या बारची रिकामी सम ओळखायला काहीच उरत नाही. दुसरी अडचण यंत्रातली आहे. हात थांबल्यावर आतले दाणे पुढे जाऊन भिंतीवर आपटतात, त्यामुळे आवाज हाताच्या किंचित मागून येतो. हात बीटवर थांबवला तर शेकर कायम मागे रेंगाळतो. हात जरा आधी थांबवायचा आणि कान आवाजाकडे ठेवायचा.

अंड्याएवढा शेकर दोन गिटारांत हरवतो. लांब नळीचा घ्या, किंवा घरी बाटलीत तांदूळ भरून करा, पण चौथा हिस्साच भरा; जास्त भरल्यास दाण्यांना पळायला जागा राहत नाही आणि आवाज बसतो. मूळ संगीतात शेकेरे असतं: वाळवलेला भोपळा आणि त्याच्यावर बाहेरून मण्यांची सैल जाळी. मिरज हाकेच्या अंतरावर असताना भोपळ्याची चौकशी करायला काय हरकत आहे? फक्त तंबोऱ्याचा नको, तो हातात धरून हलवता येणार नाही. कोणी ढोलकी आणायचं सुचवलं तर तिच्या मोठ्या तोंडाचा घुमारा बंद ठेवा, तो थेट बेसच्या पट्ट्यात येतो.

बसवण्याचा क्रम: वेग ८० वर ठेवून आधी शेकर आणि सगळ्यांचे पाय. मग गिटार १. ती घट्ट झाली की बेस, आणि गिटार २ सगळ्यात शेवटी. वेग एकदम १०८ वर नेऊ नका, चार-चारने चढवा. गिटार १ ला इथे एक खास सापळा आहे. तिचा पहिला सूर ३ वर, म्हणजे दोन बीटच्या बरोबर मध्ये येतो, आणि काही मिनिटांत वाजवणाऱ्याला तोच बीट वाटायला लागतो. ओळखायचं कसं? त्याच्या पायाकडे बघा. पाय ३, ७, ११, १५ वर पडत असेल तर बार त्याच्या डोक्यात उलटला आहे. अशा वेळी ओळ ३ पासून न उचलता १३ वरच्या जीपासून उचलायला सांगा. तो सूर पायाबरोबर पडतो, त्यामुळे पाय जागेवर येतो.

पाच मिनिटं न थांबता वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. फोन बेसच्या अ‍ॅम्पसमोर नको, खोलीच्या मधोमध ठेवा. ऐकताना दोन गोष्टी बघा. शेवटचा वेग पहिल्यापेक्षा चार-पाचने वाढला असेल तर १५-१६ वरचे बेसचे सूर तपासा, बहुतेक वेळा ते लवकर पडतात आणि बाकीचे त्यांना धरून पळतात. आणि दोन्ही गिटार मिळून एक तिसरी चाल ऐकू येते का, जी दोघांपैकी कोणीच वाजवत नाही? ती आली नाही तर एका गिटारचा आवाज दुसरीवर चढलेला असतो, किंवा टेनरचे सूर लांबत असतात. टेनरची ट्रेबल कमी करा आणि पुन्हा घ्या.

बदल करायचे तर एका वेळी एकानेच, आणि सोळा बार झाल्याशिवाय नाही. पहिला बदल गिटार २ कडे द्या: आठ बार ती पूर्ण थांबवा आणि परत आणा. नंतर गिटार १ ने १३ वरचा जी कधीकधी सोडून द्यावा. बेसला मात्र बदल देऊ नका, कितीही कंटाळा आला तरी. आणखी कॉर्ड घालायची खुमखुमी आली तर आधी या एकाच ग्रूव्हवर दहा मिनिटं टिकता येतं का ते बघा.