सप्लायरला ऑडिटचं मेल: स्कोप, कागद, तारखा

वसईच्या प्लेटिंगवाल्याकडे जायचंय. मेलमध्ये नुसतं 'क्वालिटी ऑडिट' लिहिलं तर चालेल ना? (अंधेरी)

नको, तो टेबलावर आयएसओचं सर्टिफिकेट आणि फायली मांडून ठेवेल आणि तुमचा दिवस त्यातच जाईल. पार्ट आणि प्रोसेस लिहा: "१२.९ ग्रेड बोल्टचं झिंक प्लेटिंग, माल आत आल्यापासून पॅकिंगपर्यंत, बेकिंग धरून. बाकी पार्ट यात नाहीत." काय बघणार नाही तेही लिहायचं, समोरचा निर्धास्त होतो.

बेकिंग मुद्दाम लिहायचं, कारण इतक्या कडक बोल्टमध्ये पिकलिंग आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन शिरतो, आणि बोल्ट घट्ट केल्यावर काही तासांनी अचानक तुटू शकतो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर शक्यतो ४ तासांच्या आत माल ओव्हनमध्ये जायला हवा. आता खूप जॉबवर्कवाल्यांकडे ओव्हनच नसतो, बेकिंग बाहेरून करून आणतात, मग ती दुसरी जागाही स्कोपमध्ये येते. हे मेलमध्येच विचारून घ्या, तिथे जाऊन कळलं तर दिवस फुकट.

३० कागदांची यादी पाठवली, आला फक्त सर्टिफिकेटचा फोटो. आता? (भांडुप)

यादीचे दोन भाग करा. आधी पाठवायचे चारच: प्रोसेस फ्लो, कंट्रोल प्लॅन, ओव्हनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि मागच्या तक्रारीला दिलेलं उत्तर. हे भेटीच्या आठवडाभर आधी आले की वाचून प्रश्न काढता येतात.

बाकीचे "जागेवर बघू" असं लिहा: टाकीच्या टायट्रेशनचं रजिस्टर, बेकिंगचे चार्ट, जाडीच्या नोंदी. टाकीच्या केमिकलची रेसिपी कॉपी करून मागू नका, ती त्याची पोटापाण्याची गोष्ट आहे, तिथेच बघा. आणि कुठल्या बॅचचे कागद बघणार ते मेलमध्ये अजिबात सांगू नका! आपल्या इनवर्डच्या चलनातून दोन बॅच निवडून न्या, मग टाकीतून माल निघाल्याची वेळ आणि ओव्हनमध्ये गेल्याची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळ्या बॅचमध्ये एकसारखंच अंतर, एकाच पेनाने लिहिलेलं दिसलं, तर रजिस्टर नंतर भरलंय समजा.

सप्लायरने तीनदा तारीख बदलली, काय करू? (ठाणे)

तारीख आपण एकट्याने ठरवली की असंच होतं. मी एकदा शुक्रवारी गेलो, त्या गाळ्याची साप्ताहिक सुट्टी, टाक्या बंद, दोन माणसं झाडू मारत होती. तेव्हापासून दोन-तीन आठवडे आधी असं लिहितो:

"आमचा पार्ट लाइनवर असेल असा दिवस हवाय. मंगळवार १४ किंवा बुधवार २२, यातला सोमवार ६ पर्यंत कळवा. आम्ही दोघं साडेनऊला पोचू, आधी अर्धा तास बोलणं, मग लाइन, चारला निष्कर्ष सांगू. प्लेटिंग इन्चार्ज आणि ओव्हन ऑपरेटर हजर हवेत."

तरी तारीख हलली तर कारण आणि नवा दिवस लेखी मागा, परचेसला सीसी ठेवून, आणि तोवर त्या पार्टच्या येणाऱ्या प्रत्येक लॉटसोबत बेकिंग चार्ट मागवत राहा.