आठवड्याचे तास भरलेत, कामगार आणखी ओटी मागतोय

"रबाळे एमआयडीसीत नवीन सुपरवायझर झालोय. माझा एक चांगला ऑपरेटर आणखी ओटी मागतोय, पण त्याचे आठवड्याचे तास भरत आलेत. त्याला दुखवायचं नाहीये. नाही कसं सांगू, आणि बदल्यात काय देऊ?"

सगळ्यात आधी पंचिंगचा रिपोर्ट काढा आणि त्याच्या शेजारी बसून तास मोजा. मी महापेला शिफ्ट बघतो. गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या ऑपरेटरने शुक्रवारी संध्याकाळी अर्ज दिला. शनिवारी ४ तास जास्त आणि रविवारी पूर्ण दिवस हवा होता. मुलाच्या डिप्लोमाच्या फीला ९,००० कमी पडत होते. सोमवार ते शुक्रवार त्याने रोज १० तास केले होते, म्हणजे ५०. शनिवारचे नेहमीचे ८ धरले की ५८. नेहमीचे ४८ आणि ओव्हरटाइम धरून जास्तीत जास्त ६०, हा हिशोब आमच्या नोटीस बोर्डावरच लावलेला आहे. राहिले २ तास. ते त्याने स्वतः कागदावर मांडले आणि गप्प झाला. माझ्या तोंडून नुसतं "नाही" ऐकलं असतं तर तो चिडला असता.

रविवारचं मात्र समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे तासांचा आठवडा शनिवारी मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे रविवारचे तास पुढच्या आठवड्यात जातात. पुष्कळांना वाटतं की रविवार म्हणजे चालू आठवड्याची शेपटी. त्यात रविवारी बोलावलं तर बदली सुट्टी द्यावी लागते. एक दिवस आला, एक दिवस गेला, तास तेवढेच. त्याच्या हातात जास्तीचं काहीच पडणार नव्हतं.

मी लेखी उत्तर दिलं, ते असं:

"दादा, तुमचा अर्ज वाचला. शनिवार धरून तुमचे ५८ तास होतात आणि हद्द ६० आहे, म्हणून शनिवारी ४ ऐवजी २ तास देतो. रविवार देता येत नाही, तो आराम घ्या. पुढच्या आठवड्याच्या ओटीच्या यादीत तुमचं नाव पहिलं लावलंय. फीसाठी ९,००० ची उचल मिळावी म्हणून एचआरशी बोललोय, दरमहा ३,००० प्रमाणे तीन पगारांत कापतील. चालत असेल तर उद्या चहाच्या सुट्टीत सही करून जा."

यातला कामाचा भाग उचलीचा. त्याचा पगार २०,८०० होता. २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागला की तासाला १०० येतात, ओव्हरटाइमला दुप्पट म्हणजे २००. त्याने मागितलेले सगळे १२ तास दिले असते तरी २,४०० च झाले असते, आणि फी सोमवारी भरायची होती. ओटीने ही गरज भागणारच नव्हती. म्हणून कामगार तास मागतो तेव्हा पैसे किती हवेत आणि कधी हवेत ते हळूच विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पुढच्या आठवड्यांत ओटी देतानाही तिमाहीची वेगळी मर्यादा असते, तेव्हा दर आठवड्याला १२ तासांचा शब्द देऊ नका. नाईटचा भत्ता मिळत असेल तर दोन आठवडे नाईटला बदली हाही मार्ग आहे, पण घरची अडचण विचारून.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही गळ घातली तरी करू नका. एक, पंच आउट करायला लावून पुढचे तास रोख पैशांवर चालवणं. मी आधी जिथे होतो तिथे हे सर्रास चालायचं. एका रात्री प्रेसवर एका हेल्परच्या दोन बोटांची टोकं गेली. मस्टरमध्ये तो सहा वाजताच बाहेर पडलेला होता. ईएसआयला अपघात कामावर झाला हे पटवून देताना त्याच्या बायकोला किती खेटे घालावे लागले, ते मी बघितलंय. तो हात मला अजून दिसतो.

दुसरी, "बाहेर कुठे तरी बघ" असं सुचवणं. एका कारखान्यात काम केलेल्या दिवशीच दुसऱ्या कारखान्यात राबवून घ्यायला कायद्याची मनाई आहे. आणि रात्रभर दुसरीकडे उभा राहिलेला माणूस सकाळी तुमच्याच मशीनवर डुलक्या घेणार.

पुढच्या वेळी बुधवारीच रिपोर्ट बघा. ज्याचे तीन दिवसांत ३० तास झालेत त्याला तेव्हाच सांगा की असंच चाललं तर शनिवारी दोनच तास जास्तीचे उरतील. शुक्रवारी संध्याकाळी कळलं की माणसाने ते पैसे मनात खर्च करून टाकलेले असतात.