दोन पेट्या, एक घड्याळ : केगवर्थ, १९८९

प्रश्न : ब्लॅक बॉक्स सापडला की काय झालं ते लगेच कळायला हवं ना? मग तपासाला एवढा वेळ का लागतो? आकडे एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, मग ते जुळवतात कसे?

लगेच कळत नाही याचं पहिलं कारण साधं आहे : ब्लॅक बॉक्स म्हणजे दोन वेगळ्या पेट्या, आणि त्यांची घड्याळं एक नसतात. फ्लाइट डेटा रेकॉर्डरमध्ये उंची, वेग, इंजिनांचे फेरे वगैरे असतं, व्हॉइस रेकॉर्डरमध्ये बोलणं आणि कॉकपिटमधले सगळे आवाज. "कोण काय बोललं, तेव्हा विमान काय करत होतं" हे सांगायचं तर आधी दोन्ही एका वेळेवर आणावं लागतं.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं रेडिओचं बटण. वैमानिकाने कंट्रोल टॉवरशी बोलायला ते दाबलं की डेटा रेकॉर्डरमध्ये "दाबलं" अशी नोंद होते, व्हॉइस रेकॉर्डरवर वाक्य ऐकू येतं, आणि टॉवरच्या टेपवर त्याच वाक्याची खरी वेळ असते. बटणाची नोंद बहुधा सेकंदाला एकदाच घेतली जाते, म्हणून एका जुळणीत सेकंदभराची चूक राहू शकते. दहा-बारा वाक्यं जुळवली की ती बरीच कमी होते. जुन्या टेपची आणखी एक अडचण : ती किंचित हळू किंवा जलद फिरते. विमानातली वीज ४०० हर्ट्झची असते आणि तिची बारीक गुणगुण टेपवर उतरते. ती ३९६ ऐकू आली तर टेप एक टक्का हळू वाजते आहे. अर्ध्या तासाच्या टेपमध्ये हा फरक १८ सेकंदांचा होतो. इतक्या अवधीत निर्णय घेऊन होतो, म्हणून हे आधी दुरुस्त करायचं.

आता याचं फळ बघा. ८ जानेवारी १९८९, हीथ्रोहून बेलफास्टला निघालेलं बोइंग ७३७-४००. चढत असताना २८,३०० फुटांवर डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरलं, कॉकपिटमध्ये जळका वास आला. आवाजाच्या नोंदीत कॅप्टन विचारतो कुठलं इंजिन, आणि सहवैमानिक म्हणतो, "डा… उजवं." कॅप्टन त्या इंजिनाची शक्ती कमी करायला सांगतो, आणि इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल काढून उजवं इंजिन मंद केलं जातं.

नुसता आवाज ऐकला तर "गोंधळले, चुकले" एवढंच हाती लागतं. नुसते आकडे पाहिले तर डाव्या इंजिनाचं कंपन कमाल पातळीवर, उजवं ठणठणीत, आणि तरी बंद केलं उजवं. हे अनाकलनीय वाटतं. दोन्ही एका रेषेवर ठेवल्यावर खरी गोष्ट दिसते. उजवं मंद केल्यावर एक-दोन सेकंदांत विमानाची थरथर थांबली. ऑटोथ्रॉटल निघाल्यामुळे डाव्या इंजिनावरची जास्त शक्तीची मागणी थांबली, ते जरा कमी फेऱ्यांवर स्थिरावलं आणि धक्के देईनासं झालं. वैमानिकांना मात्र वाटलं, आपण बरोबर इंजिन धरलं. मला हा तपास फार मोलाचा वाटतो तो यासाठी, की त्या दोन माणसांची खात्री कुठून आली ते इथे सेकंदांत दाखवता आलं. डाव्या इंजिनाचं कंपन मात्र कमालच होतं.

थरथर सुरू झाल्यापासून २ मिनिटं ७ सेकंदांनी उजवं पूर्ण बंद झालं. नंतर कॅप्टन नेमके कोणते संकेत मिळाले याची मोठ्याने उजळणी सुरू करतो, तोच रेडिओवर बोलावणं येतं आणि ती अर्धी राहते. हे फक्त टेपमुळे कळलं. जवळच्या विमानतळावर उतरण्यासाठी शक्ती वाढवलेली असताना, धावपट्टीपासून २.४ सागरी मैलांवर आणि ९०० फुटांवर डाव्या इंजिनाची शक्ती अचानक गेली. विमान इंग्लंडमधल्या केगवर्थ गावाजवळ कोसळलं आणि १२६ जणांपैकी ४७ दगावले.

आणि पेट्या कुठे थांबतात तेही इथेच दिसतं. कंपनाचा आकडा नोंदलेला आहे, पण वैमानिकाची नजर त्या काट्यावर गेली का, हे कुठल्याच रेकॉर्डरमध्ये नसतं. दोघेही वाचले, म्हणून विचारता आलं. सहवैमानिकाला आपण काय पाहून "उजवं" म्हणालो ते आठवलं नाही. डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना केबिनमधल्या काहींनी पाहिल्या होत्या. कॅप्टनने प्रवाशांना उजव्या इंजिनाबद्दल सांगितलं तेही त्यांनी ऐकलं, पण कॉकपिटपर्यंत कोणी काही पोचवलं नाही. हा भाग वाचलेल्यांच्या जबान्यांतून जोडावा लागला.