रात्रीच्या किनाऱ्याचं ग्रेडिंग

मालवणला किनाऱ्यावर रात्री शूट केलं. सावल्यांत दाणे, आकाश जांभळं, चेहरे निळे. काय करू?

सावल्या उचलू नका, दाणे तिथूनच वर येतात. आधी डीनॉइज करा, मग लिफ्ट उतरवून आकाश वेव्हफॉर्मवर ५-८ टक्क्यांपाशी ठेवा. शून्याला चिकटलं की माडाच्या झावळ्या त्यात विरघळतात. DaVinci Resolve मधल्या Lum Vs Sat कर्व्हने अगदी गडद भागाचं सॅच्युरेशन कमी केलं की जांभळेपणा बराचसा जातो.

निळा सगळ्या फ्रेमवर फासू नका (हा मोह सगळ्यांनाच होतो). क्वालिफायर आणि मऊ कडांची विंडो लावून चेहरा त्यातून वगळा. वेक्टरस्कोपवर त्वचा स्किन टोन रेषेजवळ हवी. जेटीवरच्या एका सीनमध्ये मी चेहऱ्याचा उजेड वेव्हफॉर्मवर ५५ वरून ३५ टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे रात्र वाटली.