वाढत्या शेअरमध्ये भर घालू की पडलेल्याचं अ‍ॅव्हरेज करू?

"सर, देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. गेल्या हिवाळ्यात दोन कंपन्यांचे शेअर घेतले. पहिलीचे 100 शेअर 400 रुपयांना. बरेच आठवडे भाव 445 ते 475 मध्ये घुटमळून आता 480 वर गेलाय. दुसरीचे 300 शेअर 300 ला घेतले, ते 210 वर आलेत. हंगामाचे 60 हजार हातात आहेत. मावसभाऊ म्हणतो, 'भाव पडलो हा, आताच घेवन अ‍ॅव्हरेज कर.' पहिलीत वरच्या भावाने भर घालायला मन धजत नाही. काय करू?"

मावसभावाचं म्हणणं आधी आकड्यांत बघू. सगळे पैसे लावून 210 ला आणखी 285 शेअर घेतले, तर तुमची सरासरी 256 च्या आसपास येते. मुद्दल सुटायला आज भाव 43 टक्के चढायला हवा, मग 22 टक्के पुरतील. ऐकायला बरं वाटतं. पण आजचा 27 हजारांचा तोटा त्यातून एका रुपयानेही कमी होत नाही. तो फक्त जास्त शेअरवर पसरतो. यापुढे भाव एक रुपयाने उतरला की 300 नाही, 585 रुपये जाणार. भाव 160 ला गेला तर नुसत्या जुन्या शेअरवर तोटा 42 हजार होतो, अ‍ॅव्हरेज केलेल्यांवर 56 हजारांच्या वर.

याहून मोठी अडचण म्हणजे बाहेर कुठे पडायचं हे या पद्धतीत ठरतच नाही. 210 ला स्वस्त म्हणून घेतलेला शेअर 180 ला आणखी स्वस्त दिसतो. तुमचा 300 चा भाव बाजाराला माहीत नाही, त्यामुळे तो परत गाठायचं बाजारावर काही बंधनही नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये 400 च्या आसपास होता. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तोवर वाटेत प्रत्येक पायरीवर अ‍ॅव्हरेज करणारे लोक होते. पुढे पुनर्रचनेत 100 पेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, म्हणजे विकायचं म्हटलं तरी सोय उरली नाही.

एसआयपीही पडत्या भावात घेतेच की, असं तुम्ही म्हणाल. पण इंडेक्स फंडात एक कंपनी बुडाली तर तिची जागा दुसरी घेते, आणि दरमहा किती घालायचे हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्याकडचे 60 हजार त्या कंपनीसाठी ठरवलेले नव्हते, भाव पडला म्हणून ते आठवले.

आता पहिली कंपनी. भर घालायला हरकत नाही, पण दोन अटींवर. प्रत्येक नवी भर आधीपेक्षा लहान हवी, आणि भर घातली त्याच दिवशी सगळ्या शेअरचा स्टॉपलॉस, म्हणजे ज्या भावाला घसरल्यावर विकून बाहेर पडायचं तो भाव, वर सरकवायला हवा.

480 ला 50 शेअर घ्या, 24 हजार लागतील. एकूण 150 शेअर, गुंतवणूक 64 हजार, सरासरी 427 च्या जवळ. स्टॉपलॉस 440 ला लावा. 440 च का, तर भाव इतके दिवस 445 च्या खाली गेलेला नाही. तो टप्पा मोडला तर वर जाण्याचं कारणच संपलं. 'पाच टक्के खाली' असा अंदाजपंचे स्टॉप लावला तर तो रोजच्या चढउतारातच उडतो. 440 ला सगळं विकलं गेलं तर 66 हजार येतात, म्हणजे भर घालूनही 2 हजार हाती राहतात (दलाली आणि कर सोडून).

भाव पुढे 540 ला गेला आणि वाटेत 500 च्या वर नवा तळ टिकवला, तर आणखी 25 घ्या आणि स्टॉप 495 ला आणा. आता 175 शेअर, गुंतवणूक 77,500. स्टॉप लागला तरी 9,125 रुपयांचा नफा.

खाली मोठा पाया आणि वर लहान भर असा हा मनोरा झाला. तोच उलटा रचला तर काय होतं बघा. उत्साहाच्या भरात 480 ला 50 ऐवजी 200 शेअर घेतलेत, तर सरासरी 453 वर जाते. मग त्याच 440 च्या स्टॉपला 4 हजारांचा तोटा होतो. वाढलेला शेअर हातात असूनही लोक तोट्यात जातात ते बहुतेक असेच.

भर घालणं फुकट नाही, हेही सांगतो. काहीच न घालता नुसते 100 शेअर ठेवून स्टॉप 440 ला आणलात तर 4 हजार सुरक्षित होतात, भर घातल्यावर 2 हजारच. 495 च्या स्टॉपला तुलना 9,500 विरुद्ध 9,125 अशी. भर घालण्याचा फायदा दिसतो तो भाव लांब गेला तरच: 620 ला 22 हजारांऐवजी 31 हजार. त्यामुळे शेअर वर-खाली करत एकाच पट्ट्यात फिरत असेल, तर ही पद्धत प्रत्येक फेरीत थोडं थोडं रक्त काढते. दोनदा लागोपाठ स्टॉप लागला की मी तरी त्या शेअरचा नाद सोडतो.

स्टॉप कागदावर असून चालत नाही. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून तुम्हाला जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव येईपर्यंत अनेक दिवस टिकणारी ऑर्डर, लावावी लागेल. इथे नेहमीची चूक म्हणजे 50 शेअर वाढवले आणि जुनी जीटीटी 100 चीच राहिली. प्रमाण आणि भाव दोन्ही बदला. तुमच्या डीमॅटला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढून द्यायची ब्रोकरला दिलेली परवानगी, दिलेलं आहे का तेही बघा, नाहीतर ऐन वेळी विक्री अडकू शकते. शिवाय जीटीटीतून सहसा लिमिट ऑर्डर जाते, म्हणजे ठरवलेल्या भावाच्या खाली ती विकत नाही. भाव थेट खाली उघडला तर ती तशीच लटकत राहते, म्हणून ट्रिगर 440 ठेवलात तर विक्रीची लिमिट बरीच खाली ठेवा. निकालानंतर शेअर 415 ला उघडला आणि तिथेच विकला गेला, तर वरच्या हिशोबातले 2 हजार जाऊन 1,750 चा तोटा होईल. तिमाही निकाल चार दिवसांवर असेल तर भर निकालानंतरच घाला.

दोन्ही भरांना मिळून 37,500 लागतात, तेही एकदम नाही. उरलेल्याला हात लावू नका. कल्टार आणि मोहोराच्या फवारण्या तुमच्यासमोर आहेत, आणि बागायतदाराकडे पैसा वर्षातून एकदाच येतो.

दुसऱ्या कंपनीचं काय? हातात एकही शेअर नसता तर आज 210 ला घेतला असता का, याचं उत्तर मावसभावाला न विचारता द्या. 'नाही' असेल तर विका. घेऊन वर्ष झालेलं नाही, म्हणजे हा अल्पकालीन भांडवली तोटा आहे. तो पहिल्या कंपनीच्या नफ्यातून वजा होतो, आणि उरलेला पुढची 8 वर्षं ओढता येतो. मात्र त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेलं लागतं. आंब्याचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे बरेच बागायतदार रिटर्न भरतच नाहीत. तुम्ही भरत नसाल, तर विकण्याआधी सीएला गाठा.