एका वेळच्या सॅम्पलवरून तळ्याबद्दल काही बोलू नका

प्रश्न: अन्न तर वरच्या पाण्यात असतं, मग झूप्लँक्टन दिवसा खाली का जातात? वर राहिले तर जास्त खाऊन संख्या वाढणार नाही का?

वाढते की, पण खाल्लीही जाते. वरचं शेवाळ खायला उजेड लागत नाही, माशाला मात्र डॅफ्नियासारखे झूप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, दिसायला उजेड लागतो, म्हणून खाणं रात्री आणि लपणं दिवसा. एवढंच सांगून थांबलो असतो, पण याच विषयावर माझं माझ्या गाइडशी भांडण झालेलं आहे.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव घेतला होता. सकाळी दहा-अकराला जायचो, वरचं पाणी गाळायचो, जाळीत जेमतेम दोन-चार डॅफ्निया यायचे. सर म्हणाले, तळं खराब झालंय, तसंच लिही. आमचा नाववाला म्हणाला, "दिवसा काय बघायलाव सर, रात्री या की, वरचं पाणी नुस्तं वळवळतंय." सर परवानगी देईनात, मग जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सगळं गाव होम मैदानावर असताना मी त्याच्यासोबत रात्री दहाला नावेत बसलो, थंडीनं बोटं चालत नव्हती. बांधाजवळ दोरी टाकून मोजलं तर सात मीटर पाणी होतं. वजन बांधलेली बाटली खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर दोरीनं बूच ओढायचं, अशा चार पातळ्यांवर प्रत्येकी दहा लिटर पाणी काढून गाळलं. बॅटरीवर लाल कागद लावला होता कारण पांढऱ्या उजेडाला हे प्राणी गोळा होतात आणि मग मोजणीला अर्थ राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्याच जागी तेच केलं.

दुपारी वर ४ डॅफ्निया, दोन मीटरवर ११, चारवर ३७, सहावर ५२. रात्री वरून खाली ४६, ३१, १४, ८.

सर म्हणाले, काही नाही, दिवसा त्यांना बाटली दिसते आणि ती पळतात. शंका चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण नुसती पळाली असती तर दिवसाची बेरीज कमी भरली असती आणि सहा मीटरवर ८ च्या आसपासच मिळाले असते. बेरीज दिवसा १०४, रात्री ९९. प्राणी तेवढेच, फक्त जागा बदलली. मग सर म्हणाले, त्यांना उजेड सोसत नाही एवढंच लिही, माशांचा काय संबंध.

इथं सर चुकले आणि मी आजही तेच म्हणतो. उजेडावरून त्यांना कधी निघायचं ते कळतं, पण का निघायचं त्याचं कारण मासाच. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स तलावातलं श्टिख आणि लाम्पर्ट यांचं १९८१ चं काम बघा. एकाच तळ्यात, एकाच उन्हाखाली डॅफ्नियाच्या दोन जाती, उन्हाळ्यात हायलिना दिवसा खोल जाते, गॅलिएटा वरच राहते. वर राहणारीला गरम पाणी आणि भरपूर खाणं मिळतं म्हणून तिची पिल्लं जास्त होतात, पण मासे तिलाच जास्त खातात. हायलिनाची पिल्लं कमी, मरणंही कमी. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच, दोन्ही हिशोब जमतात. नुसता उजेड सोसत नसता तर दोघीही खाली गेल्या असत्या ना? शिवाय माशांचा वास असलेलं पाणी टाकीत सोडलं की मासा नसतानाही डॅफ्निया दिवसा खाली उतरतात. कार्प माशांच्या पित्तातलं ते रसायन २०१९ मध्ये ओळखलंही गेलं.

पोहण्यात फार ताकद जाते असं लोक म्हणतात, तेही खरं नाही, तो खर्च किरकोळ असतो. खोल तळ्यात खरा तोटा थंडीचा, थंड पाण्यात अंडी हळू वाढतात. आपल्याकडे जानेवारीत वरखाली तापमानात फारसा फरक नसतो, म्हणून माझ्या मते हिप्परग्यात तोटा मुख्यतः खाण्याचाच असणार.

तुम्ही तळं तपासणार असाल तर दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा खोलीवार पाणी काढा, आणि गाइड नाही म्हणाले तर त्यांच्याकडून लेखी घ्या. आता हे आधीच सांगायला हवं होतं, माझी मोजणी एकाच दिवसाची आणि एकाच जागेची आहे. कंबर तलावासारख्या उथळ पाण्यात खाली जायला जागाच नसते, तिथं ते दिवसा पाणवनस्पतींत शिरतात, त्यामुळे काठाच्या झाडोऱ्यातलं पाणीही गाळा. आणि मे महिन्यात तळाचा ऑक्सिजन आधी मोजा, तो संपला असेल तर लपायची जागाच बंद होते, मग दुपारीही डॅफ्निया वरच्या थरांत सापडले तर मासे नाहीत असं समजू नका.