इंजेक्शनवर केस करू नका, २०२३ची फाइल काढा

प्रश्न : माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. गुडघे दुखतात म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना २०२४च्या शेवटी व्हिटॅमिन डीची दोन इंजेक्शनं दिली. जून २०२५मध्ये उलट्या, सारखी तहान आणि असंबद्ध बोलणं सुरू झालं. कॅल्शियम वाढून किडनीला मार बसलाय असं ॲडमिट केल्यावर कळलं. गळ्याचं ऑपरेशन झालं, पण किडनी पूर्ण सुधारली नाही. आधी दोनदा मुतखडाही झाला होता. दुसरा खडा मार्च २०२३मध्ये परजिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीनं काढला. दीर म्हणतात, इंजेक्शनमुळंच हे झालं, डॉक्टरवर पोलीस केस करू. सगळे रिपोर्ट पाठवलेत. केस होईल का? – एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, गल्लीतल्या डॉक्टरांवर केस करू नका. ती टिकणार नाही, आणि तुमचेच रिपोर्ट त्यांच्या बाजूनं साक्ष देतील.

ॲडमिट केल्या दिवशीचे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. कॅल्शियम १२.९, जे साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक, २१२. त्या लॅबची वरची मर्यादा ६५ आहे. आणि व्हिटॅमिन डी फक्त २८.

गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच सोडतात, ते हाडांतून कॅल्शियम काढून आणतं. कॅल्शियम वाढलं की त्यांनी गप्प बसायचं असतं. इंजेक्शनमधून व्हिटॅमिन डी अति झालं असतं, तर ग्रंथींनी हात आखडता घेतला असता. पीटीएच खालच्या मर्यादेच्याही खाली गेलं असतं आणि व्हिटॅमिन डी बहुधा दीडशेच्या वर दिसलं असतं. इथं कॅल्शियम चढलेलं असतानाही ग्रंथी पीटीएच ओततच होती, म्हणजे बिघाड ग्रंथीतच. असा विषय हातात आला की मी आधी पीटीएच पाहतो. अशा वेळी तो ४० आला असता, तरी छापील ‘नॉर्मल’वर मी विसंबलो नसतो, कारण कॅल्शियम एवढं असताना तो दबलेलाच हवा.

ऑपरेशननं यावर शिक्का मारला. डावीकडची खालची ग्रंथी काढली, तिचं वजन १.८ ग्रॅम भरलं. निरोगी ग्रंथी त्याच्या विसाव्या भागाइतकीही नसते. दुसऱ्या दिवशी पीटीएच २६ आणि आठवड्यात कॅल्शियम ९.३. गाठ निघाल्यावर कॅल्शियम उतरलं, याहून सरळ पुरावा कोर्टात क्वचितच मिळतो.

आता तुमची खरी बाजू. तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात मार्च २०२३च्या ऑपरेशनआधीचा रक्ताचा रिपोर्ट आहे. दुसऱ्या पानावर कॅल्शियम ११.६, ठळक अक्षरात, पुढे ‘जास्त’ अशी खूण. खाली किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन १.०, म्हणजे तेव्हा ठीक. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘पाणी भरपूर प्या, पालक-टोमॅटो टाळा’ एवढंच. हे वाचून मला फार वाईट वाटलं. खडा असलेल्या रुग्णाचं कॅल्शियम चढं दिसलं तर पीटीएच तपासावं, हे मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ती एक तपासणी झाली असती, तर गाठ तेव्हाच सापडण्याची दाट शक्यता होती.

पुढची सव्वादोन वर्षं ते जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जात राहिलं. त्यानं खडे होतात, शिवाय लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद जाते. माणूस सारखा लघवीला जातो आणि आतून सुकत जातो. किडनीच्या रक्तवाहिन्याही आकसतात. त्यात उलट्या सुरू झाल्या की किडनी कोलमडते. तुमच्या मिस्टरांचं क्रिएटिनीन ३.१पर्यंत गेलं, सलाइननं उतरलं, पण १.७वर अडकलं.

समोरचे वकील दोन गोष्टी नक्की म्हणतील. पहिली, किडनी निकामी झाली की पीटीएच आपोआप वाढतं. ते खरं आहे, पण तेव्हा सहसा कॅल्शियम कमी किंवा बेताचं आणि फॉस्फरस जास्त असतं. तुमच्याकडे कॅल्शियम चढं आणि फॉस्फरस २.२, म्हणजे कमी. शिवाय २०२३मध्ये क्रिएटिनीन १.० असतानाच कॅल्शियम चढलेलं होतं. आधी कॅल्शियम, मग किडनी, हा क्रम तारखांसकट तुमच्या हातात आहे. दुसरी, भट्टीपाशी काम करणारा माणूस, पाणी कमी प्यायला म्हणून खडे झाले. घामानं खडे होतात, पण ग्रंथीत गाठ होत नाही आणि पीटीएच २१२ होत नाही.

कमकुवत जागाही सांगतो. १.७ मधला किती भाग वाढलेल्या कॅल्शियमचा आणि किती आधीच्या खड्यांचा, हे मी ठरवू शकत नाही. किडनी तज्ज्ञांना नेमका एकच प्रश्न लेखी विचारा : मार्च २०२३मध्ये निदान झालं असतं, तर हे नुकसान टळलं असतं का? भरपाईचा आकडा त्या उत्तरावर उभा राहील.

पोलीस केसचं म्हणाल, तर कुणाहीविरुद्ध नको. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात ठरवलं आहे. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. हॉस्पिटल परजिल्ह्यातलं असलं तरी २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथं, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार करता येते. हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. बिलाच्या पावत्या मात्र हव्यात.

मुदत दोन वर्षांची आहे. मार्च २०२३पासून मोजली तर ती संपली. आजाराचं कारण जून २०२५मध्ये कळलं, तिथून मोजावी असं आपण मांडू. पोटात राहिलेल्या गॉझच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये हे तत्त्व मानलं, पण ती तक्रार फेटाळली, कारण वर्षानुवर्षं दुखत असूनही त्या बाईंनी विचारपूस केली नव्हती. म्हणून तक्रारीसोबत कलम ६९ खाली विलंबमाफीचा अर्जही जोडायचा. तुमच्या मिस्टरांनी मधल्या काळात तहान, थकवा, बद्धकोष्ठ यांसाठी कुणाला दाखवलं असेल, तर त्या चिठ्ठ्या शोधा.

हे सगळं नंतर. आधी फाइल. २००२च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि ती तीन वर्षं मार्च २०२६मध्ये पुरी होतात. मागितल्यावर ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. अर्ज मिस्टरांच्या सहीनं, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. त्यात ‘डिस्चार्ज कार्ड’ एवढंच लिहू नका, ‘संपूर्ण इनडोअर केस पेपर, सर्व लॅब रिपोर्ट आणि राउंडच्या नोंदी’ असं लिहा. तो ११.६चा आकडा कुणी पाहिला आणि त्यावर काय लिहिलं, हे त्या राउंडच्या नोंदींतच सापडेल.